एजन्सी सोडताय? नोटिशीच्या आधी लेजर उघडा

प्रश्न: कुडाळात नऊ वर्षं एका रंग कंपनीची डिस्ट्रिब्युटरशिप करतोय, पूर्ण सिंधुदुर्ग जिल्हा. आता सोडायचीय. करारात ६० दिवसांची नोटीस आहे. गोदामात ११ लाखांच्या आसपास माल, कंपनीकडे ३ लाख डिपॉझिट, आणि जिल्ह्यात कंपनी थेट माल देते त्यावरचं दीड वर्षाचं कमिशन अडकलंय. सेल्स ऑफिसर म्हणतो, आधी आउटस्टँडिंग क्लिअर करा, मग माल आणि कमिशनचं बघू. गणपती महिन्यावर आलेत. नोटीस आत्ताच टाकू का? टिंटिंग मशीन अडवून धरलं तर चालेल का?

उत्तर:

नोटीस आत्ता टाकू नका, आणि मशीन अडवू नका. का, ते सांगतो.

मी चिपळुणात कर सल्लागार आहे. त्याआधी घरचीच बिस्किटांची आणि नंतर आइस्क्रीमची एजन्सी होती, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू पाहिल्यात. एजन्सी सोडणाऱ्यांच्या फायली माझ्याकडे दरवर्षी दोन-चार तरी येतात. जवळजवळ सगळे आधी नोटीस टाकून मग येतात. नोटीस गेली की सेल्स ऑफिसर फोन उचलायचा बंद होतो, कारण त्याच्या लेखी तुम्ही संपलात. त्याचं टारगेट आता नव्या पार्टीवर असतं. तुमच्या जुन्या क्लेमवर सही मिळवायची, स्टॉक मोजून घ्यायचा, लेजर जुळवायचं, तर हे सगळं तुम्ही अजून कामाची पार्टी आहात तोवरच होतं. म्हणून तुमच्यापुढची खरी अडचण नोटिशीचा मसुदा ही नाही. कोणता कागद कोणत्या कागदाच्या आधी हातात हवा, ही आहे.

करार मी पाहिलेला नाही, तेव्हा पुढचं बरंचसं त्यातल्या कलमांवर अवलंबून आहे हे धरून चाला. करार मुळात चालू आहे का हेही बघा. आपल्याकडे बहुतेक करार तीन वर्षांचे असतात, नूतनीकरण कोणी करत नाही आणि धंदा तोंडी चालू राहतो. तसं असेल तर ६० दिवसांचं कलम तसंच्या तसं लागू आहे का यावर वाद होऊ शकतो, पण तरीही पूर्ण ६० दिवसच द्या. वाजवी मुदतीची नोटीस दिली हे दाखवायला तीच मुदत सगळ्यात सोपी.

एका गोष्टीकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. तुमचं कंपनीशी एक नातं नाही, दोन आहेत. जो माल तुम्ही बिलाने विकत घेता आणि पुढे दुकानदारांना विकता, त्यात तुम्ही खरेदीदार आहात. तो माल तुमचा. कंपनी बिल्डरला किंवा सरकारी कामाला थेट माल देते आणि तुम्हाला त्यावर टक्केवारी मिळते, तिथे तुम्ही एजंट आहात. १८७२ च्या करार कायद्यात एजन्सीचं अख्खं प्रकरण आहे, पण ते या दुसऱ्या नात्याला लागू होतं, पहिल्याला नाही. मालाच्या बाबतीत तुम्हाला वाचवणारा वेगळा कायदाच नाही. कंपनीने माल परत घ्यायलाच हवा अशी सक्ती करारात असेल तरच आहे. नसेल तर ती विनंती ठरते, आणि विनंती करायची तर समोरच्याला आपली गरज असताना करावी.

आता सेल्स ऑफिसरच्या वाक्याकडे येतो. "आधी आउटस्टँडिंग क्लिअर करा" हे ऐकायला न्याय्य वाटतं. मागच्या वर्षी राजापूरकडच्या एका पार्टीचं काम केलं, त्याचे आकडे देतो म्हणजे त्यात काय दडलंय ते दिसेल. पार्टी पंप आणि पाइपची, पण गाडं तुमच्यासारखंच. कंपनीच्या लेजरप्रमाणे तो ७,८०,००० देणं लागत होता. त्याच्या टॅलीत ६,१५,००० दिसत होते. फरक १,६५,००० चा. आम्ही दोन्ही लेजर समोरासमोर ठेवून एकेक नोंद खुणावत गेलो, दोन संध्याकाळी गेल्या. त्यात निघालं ते असं: मागच्या दिवाळीच्या स्कीमची ९२,००० ची क्रेडिट नोट कंपनीने टाकलीच नव्हती. फुटक्या मालाचा ३८,००० चा क्लेम डेपोत पडून होता. आणि ३५,००० चं एक आरटीजीएस त्याच नावाच्या दुसऱ्या पार्टीच्या खात्यात जमा झालं होतं. बेरीज करा, १,६५,००० बरोबर बसतात.

म्हणजे त्याने सेल्स ऑफिसरचं ऐकून ७,८०,००० भरले असते तर पुढे डिपॉझिट, परत केलेल्या मालाचे पैसे, कमिशन आणि हा १,६५,००० चा फरक, असं सगळं मिळून ११,०२,७६० रुपये कंपनीकडून वसूल करत बसावे लागले असते. तसं न करता आम्ही सगळं एका कागदावर आणलं. त्याचं येणं असं होतं: डिपॉझिट २,५०,०००, परत गेलेला माल करासह ४,७२,००० आणि कमिशन हातात येणारं २,१५,७६०. एकूण ९,३७,७६०. त्यातून त्याचं खरं देणं ६,१५,००० वजा केलं. उरले ३,२२,७६०. अकरा लाखांसाठी हेलपाटे घालणं आणि सव्वातीन लाखांसाठी घालणं यात फरक आहे. शिवाय कंपनीलाही सव्वातीन लाखांचा चेक काढणं सोपं जातं, कारण बाकीचं सगळं वहीतल्या वहीत मिटतं.

यातली एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. त्या पार्टीची ६,१५,००० ची बिलं उधारीच्या मुदतीतली होती, मुदत उलटलेली बिलं त्याने आधीच भरली होती. हे महत्त्वाचं आहे. मुदत उलटलेली, वाद नसलेली बिलं थकवलीत तर करार मोडल्याचा ठपका तुमच्यावर येतो. मग कंपनी नोटीस न देता एजन्सी काढून डिपॉझिट अडवायला मोकळी. तेव्हा जुनी बिलं भरा, मुदतीतली राहू द्या, आणि वळती करण्याला कंपनीची मेलवर संमती घ्या. संमतीशिवाय स्वतःच्या मनाने कापून घेतलंत तर त्यांच्या लेजरमध्ये ती थकबाकीच दिसत राहील.

तर पहिलं काम हे: आज, उद्या, नेहमीच्या कामासारखं, कंपनीच्या अकाउंट्स विभागाला मेल टाका की ऑडिटसाठी एक एप्रिलपासूनचा खातेउतारा हवा आहे. यात संशय घेण्यासारखं काही नाही, दरवर्षी मागतातच. उतारा आला की जुळवा, फरकाच्या नोंदी तारखेनिशी परत पाठवा आणि "बरोबर" असं अकाउंट्सकडून लेखी घ्या. सेल्स ऑफिसरचा व्हॉट्सॲपवरचा अंगठा ठेवा जपून, पण त्यावर विसंबू नका. कंपनीच्या जबाबदार माणसाने लेखी कबूल केलेल्या बाकीचा आणखी एक उपयोग आहे. अशा येण्यांना दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते, आणि ती संपायच्या आत आलेल्या लेखी कबुलीने ती त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. तुमचं कमिशन दीड वर्षाचं आहे, म्हणजे घाई नाही, पण निवांतही बसू नका.

कमिशनचं आता जरा नीट बघू, कारण लोक सगळ्यात जास्त तिथेच फसतात. कमिशन केव्हा पिकतं? ऑर्डर आली की, माल निघाला की, की गिऱ्हाइकाचे पैसे कंपनीला मिळाले की? करारात जे असेल ते. काहीच नसेल तर कायदा म्हणतो की काम पूर्ण झाल्यावर मोबदला देय होतो. कंपन्या बहुधा तिसरं धरतात आणि मग "त्या बिल्डरचं पेमेंट आलं नाही" हे उत्तर दोन वर्षं पुरतं. ते खरं की खोटं, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही, कारण ती बिलं त्यांच्या वहीत आहेत.

राजापूरच्या पार्टीचंही हेच झालं. कंपनीच्या मॅनेजरने तोंडी सांगितलं, कमिशन १,१०,००० होतं, बाकीच्या बिलांचं पेमेंट आलेलं नाही. मी त्याच्या इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरून २६एएस काढला. त्यात मार्चच्या तारखेला त्या कंपनीने कमिशनवर ३,७२० रुपये टीडीएस कापलेला होता. कमिशनवरचा दर २ टक्के. म्हणजे कंपनीने तिच्या स्वतःच्या वहीत त्याच्या नावावर १,८६,००० कमिशन जमा धरलं होतं. टीडीएस पैसे देताना किंवा खात्यात जमा करताना, जे आधी होईल तेव्हा कापावा लागतो. वर्षअखेर खर्च दाखवायचा म्हणून त्यांच्या अकाउंटंटने कमिशन खर्ची टाकलं, टीडीएस भरला आणि सेल्सवाल्यांना ते माहीतच नव्हतं. त्या पानाचं चित्र मेलला जोडून आम्ही एवढंच विचारलं की १,८६,००० आणि १,१०,००० मधला फरक समजावून सांगा. आठ दिवसांत पूर्ण आकडा मान्य झाला. तेव्हा तुमचे मागच्या दोन वर्षांचे २६एएस आजच काढा. नोंद नसेल तर तुमचा हक्क बुडतो असं नाही, पण असेल तर अर्धी लढाई तिथेच संपते.

दुसरी चूक आपल्याच बाजूची असते. कमिशनचं बिलच दिलेलं नसतं. "कंपनी स्टेटमेंट देईल, मग बिल करू" म्हणत वर्ष जातं. कमिशन ही सेवा आहे, तिचं १८ टक्के जीएसटीसह बिल तुम्ही द्यायचं असतं. बिल नाही तर त्यांच्या देणेकऱ्यांच्या यादीत तुमचं नाव नाही. राजापूरच्या हिशेबात १,८६,००० वर ३३,४८० जीएसटी धरला आणि ३,७२० टीडीएस वजा केला, म्हणून हातात येणारं २,१५,७६० झालं. अर्थात बिल फाडलं की पैसे येवोत न येवोत, जीएसटी त्या महिन्यात भरावा लागतो. त्यामुळे ज्या रकमेवर वाद नाही तिचं बिल लगेच करा आणि वादातल्या रकमेसाठी आधी लेखी हिशेब मागा. हिशेब देतच नसतील तर एजंटाला मालकाविरुद्ध हिशेबासाठी दावाही लावता येतो. जिथे सगळे आकडे मालकाच्याच ताब्यात आहेत अशा परिस्थितीत सर्वोच्च न्यायालयाने ते साठच्या दशकात नारणदास मोरारदास गाजीवाला खटल्यात मान्य केलेलं आहे. तिथवर जायची वेळ सहसा येत नाही, पण मेलमध्ये त्याचा उल्लेख असला की उत्तर लवकर येतं.

तिसरं, चालू कामं. तुम्ही रंग सुचवला, नमुना मारून दाखवला, कोटेशन कंपनीने दिलं, आणि माल तुमची एजन्सी सुटल्यावर जाणार. याचं कमिशन कोणाचं? करारात लिहिलेलं नसेल तर वाद होणारच. म्हणून अशा सगळ्या साइट्सची यादी करा: गाव, काम, कोटेशनची तारीख, अंदाजे लिटर. ती यादी नोटिशीला जोडायची. यादीत नसलेल्या साइटवर नंतर हक्क सांगितलात तर कोणी ऐकत नाही.

आता माल. आपल्या पट्ट्यात रंगाच्या डब्याचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. भिंतीलगतच्या थरातले डबे खालच्या कडेला तांबूस होतात, लेबलला बुरशी धरते, आतला रंग अगदी चांगला असतो. पण कंपनीच्या नियमात "विक्रीयोग्य स्थितीत" असे शब्द असतात, आणि पुण्यामुंबईचा डेपोवाला गंजलेला डबा बघून थेट नापास करतो. म्हणून नोटिशीआधी सेल्स ऑफिसरला बोलावून स्टॉक मोजून घ्या. कारण सांगा गणपतीच्या ऑर्डरचं, ते खरंही आहे. बॅच नंबर, तारीख, डब्यांची संख्या आणि शेरा लिहिलेल्या पानावर दोघांच्या सह्या. शेऱ्याच्या रकान्यात "डबा गंजलेला, आतला माल ठीक" असं तेव्हाच लिहून घ्या, गरज पडली तर एकदोन डबे उघडून दाखवा. नंतर कोल्हापूर डेपोत हे कोणी बघत नाही.

किंमत कोणती धरायची यावरही आधीच बोला. आजच्या दरपत्रकाची नाही, तुमच्या बिलातली, त्यातून मिळालेल्या स्कीम वजा करून. हे कंपनीचं म्हणणं रास्त आहे, त्यावर भांडू नका. "हाताळणी खर्च" म्हणून सरसकट पाच-दहा टक्के कापतात, त्यावर मात्र भांडा. ट्रकचं भाडं कोणाचं हेही ठरवा.

जीएसटीची एक तारीख अशी आहे की त्यावरच तुमची नोटीस कधी द्यायची ते ठरतं. मागच्या आर्थिक वर्षात, म्हणजे ३१ मार्चपूर्वी घेतलेला माल परत केला तर कंपनीने करासह क्रेडिट नोट द्यायची असते, आणि ती जास्तीत जास्त या ३० नोव्हेंबरपर्यंत रिटर्नमध्ये दाखवावी लागते. (वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं असेल तर तोपर्यंतच.) लोक ३० नोव्हेंबर ऐकून नोव्हेंबरभर निवांत राहतात. पण नोव्हेंबरमध्ये फाडलेली नोट नोव्हेंबरच्या रिटर्नमध्ये जाते, आणि ते भरलं जातं डिसेंबरात. म्हणून खरी तारीख ३१ ऑक्टोबर धरा. जुन्या वर्षाचा माल ऑक्टोबर संपायच्या आत डेपोत पोचून क्रेडिट नोट निघायला हवी.

ही तारीख हुकली तर कंपनी कर वगळून नुसत्या मूळ किमतीची नोट देते. रंगावर १८ टक्के. जुना माल ४ लाखांचा असेल तर ७२,००० चा प्रश्न, आणि तुम्ही दुकान बंद करणार असाल तर पोर्टलवर पडलेलं क्रेडिट वापरायला तुमच्याकडे विक्रीच नाही. हुकलीच, तर दुसरी वाट आहे: तुम्हीच कंपनीच्या नावे कर लावून विक्रीचं बिल करायचं, जणू तुम्ही त्यांना माल विकताय. याला तारखेची अडचण नाही. मात्र कंपनीच्या खरेदी विभागाने ते घ्यायला हवं, आणि मोठ्या कंपन्या त्यांच्या सिस्टिममध्ये डिस्ट्रिब्युटरला पुरवठादार करायला कुरकुरतात. तेव्हा पहिलीच वाट धरा. क्रेडिट नोट आली की तेवढं इनपुट तुम्ही उलटवायचं हेही विसरू नका. राज्यातल्या राज्यात १ लाखावर माल असेल तर ई-वे बिल लागतं, आणि डेपो गोव्यात असेल तर ५०,००० पासूनच.

म्हणजे वेळापत्रक असं बसतं. आता गणपतीपर्यंत घरोघरी आतून रंग चालू आहेत, आपल्याकडे हीच सर्वांत मोठी विक्री. तेवढा काळ नवीन माल अगदी बेताचा उचला आणि गोदाम रिकामं करा. लेजर आणि स्टॉकची पानं याच काळात. गौरी-गणपती गेले की, सप्टेंबरच्या २० तारखेच्या आतबाहेर, नोटीस. ६० दिवस संपतील नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, पण जुना माल नोटीस काळातच, ऑक्टोबरमध्ये परत. दिवाळीची विक्री उरलेल्या मालावर. आज नोटीस टाकलीत तर सेल्स ऑफिसर गणपतीचा माल दुसऱ्याकडून फिरवील आणि तुमच्या गोदामात ११ लाख तसेच राहतील.

माल परत पाठवण्याहून बरा मार्ग एकच: कंपनी नवीन डिस्ट्रिब्युटर नेमेलच, त्यालाच माल बिलाने द्या. तुमच्या विक्रीवर तुमचा कर, त्याला इनपुट, फोंडा घाट चढायचं भाडं वाचलं, ३१ ऑक्टोबरची कटकट नाही. कंपनीलाही हे आवडतं. माझ्या फायलींमध्ये ज्यांचा माल सुखाने निघाला त्यातले निम्मे तरी असेच निघाले. आणि कोणीच घेत नसेल तर, करारात मनाई नसेल तोवर, तो माल तुमचा आहे, तुम्ही तो विकू शकता. फक्त "अधिकृत वितरक" ही पाटी उतरवून.

आता मशीन. करार कायद्यात एजंटाला त्याचं कमिशन आणि खर्च मिळेपर्यंत मालकाच्या वस्तू धरून ठेवण्याचा हक्क आहे, कलम २२१. तुमच्या वकिलाने कदाचित तेच सांगितलं असेल. पण ते "उलट करार नसेल तर" या अटीवर, आणि मशीनसाठी तुम्ही वेगळी पावती किंवा वापर-करार सही केलेला असणार. त्यात बहुधा मागताक्षणी परत देण्याची अट असते. मी स्वतः हा उद्योग केलेला आहे. आइस्क्रीमची एजन्सी सोडली तेव्हा कंपनीचे दोन डीप फ्रीझर मी अडवून ठेवले. ४०,००० चं माझं येणं होतं. कंपनीने पैशांचा विषयच सोडला आणि "आमची मालमत्ता बेकायदा ताब्यात" म्हणून पोलीस ठाण्यात अर्ज दिला. चार वेळा जबाबाला गेलो. शेवटी फ्रीझर दिले, त्यांनी त्यावर "नादुरुस्त" असा शेरा मारून दुरुस्तीचे पैसे कापले, आणि ४०,००० चे २६,००० झाले. तेव्हा मशीन आणि कंपनीचा संगणक नोटिशीसोबतच "घेऊन जा" म्हणून लिहा, चालू स्थितीतला व्हिडिओ काढा, आणि नेणाऱ्याकडून पोच घ्या. मालमत्ता अडवणारा ही प्रतिमा एकदा चिकटली की तुमचं खरं येणंही बाजूला पडतं.

तुम्ही विचारलं नाही, पण कंपनीकडे तुमचे कोरे चेक असतील, दोन किंवा तीन. हे डिपॉझिटपेक्षा धोक्याचं. एजन्सी सुटल्यावर वादातली रक्कम भरून तो चेक टाकला की तो परत येतो, तीस दिवसांत नोटीस येते, पंधरा दिवसांत पैसे भरा नाहीतर कलम १३८ चा खटला. "स्टॉप पेमेंट" दिलं म्हणून सुटका होत नाही. चेक नंबर बँकेच्या स्टेटमेंटवरून शोधा, न वटलेले राहिलेले तेच. नोटिशीत ते नंबर लिहा आणि म्हणा की हे चेक सुरक्षेपोटी कोरे दिले होते, हिशेब मिटेपर्यंत त्यावर कोणतीही रक्कम भरायला आमची संमती नाही, हिशेब मिटताच परत करावेत.

नोटीस स्वतः अर्ध्या पानाची. कारणं लिहू नका. टारगेट, उधारी, सेल्स ऑफिसरची वागणूक, यातलं काही नाही. कलमाने कारण न देता सोडायची मुभा दिलीय, तक्रारी लिहिल्या की त्यावर उत्तर-प्रत्युत्तर सुरू होतं. मी साधारण असं लिहितो:

"दिनांक अमुकच्या करारातील कलम अमुकनुसार आम्ही ही ६० दिवसांची नोटीस देत आहोत. करार अमुक तारखेला संपेल. सोबत: संयुक्त स्टॉक पत्रक, मान्य खातेउतारा, थेट पुरवठ्यावरील कमिशनचा तक्ता, चालू कामांची यादी, सुरक्षा चेकचे नंबर. मालाची परतफेड, डिपॉझिट व कमिशन यांचा एकत्रित हिशेब करार संपल्यापासून ३० दिवसांत करावा. आमचे सर्व हक्क अबाधित आहेत."

करार इंग्रजीत असेल तर हेच इंग्रजीत करून घ्या. नोटीस कुठे पाठवायची ते करारात असतं, बहुधा कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय, डेपो नव्हे. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टातच मिसळली आहे, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्टालाच रजिस्ट्रेशन आणि पोच जोडून मागा, आणि मेलही करा. ६० दिवस बहुतेक करारांत पोचल्या तारखेपासून मोजतात, म्हणून संपण्याच्या तारखेत चार-पाच दिवस सैल ठेवा. मुदतीत चूक झाली तरी आभाळ कोसळत नाही. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस खटल्यात ३० दिवसांच्या नोटिशीने संपवता येणारी डिस्ट्रिब्युटरशिप होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या ३० दिवसांच्या कमाईइतकीच भरपाई योग्य मानली, एजन्सी पुन्हा सुरू करून दिली नाही. पण तुमच्या चुकीचं निमित्त त्यांच्या हातात कशाला द्यायचं.

तीस दिवस गेले आणि पैसे आले नाहीत तर आधी करारातलं लवादाचं आणि न्यायक्षेत्राचं कलम वाचा. लवाद नसेल आणि रक्कम ३ लाख किंवा जास्त असेल तर वितरण कराराचे वाद व्यापारी न्यायालयाकडे जातात, आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मध्यस्थीचा अर्ज सक्तीचा आहे. करारात "फक्त मुंबई" लिहिलेलं असेल तर ओरोसला अर्ज करून भागणार नाही. ती खेप टाळायची म्हणूनच मी एवढा भर आधीच्या कागदांवर दिला.

आणि "फुल अँड फायनल" च्या कागदावर पैसे खात्यात दिसल्याशिवाय सही करू नका. कंपनी म्हणेल, सिस्टिममध्ये सही आधी लागते. तेव्हा कागदावर हाताने लिहा: "रु. इतके खात्यात जमा झाल्यावरच लागू." त्यांनी नाही म्हटलेलं मी अजून पाहिलेलं नाही. सोबत सुरक्षा चेक परत मिळाल्याची ओळ त्याच कागदावर.

करारातलं कमिशनचं कलम आणि मालपरतीचं कलम, कंपनीचं नाव झाकून, शब्दशः इथे टाकलंत तर त्यावर नेमकं सांगता येईल. आणि २६एएसमध्ये काय दिसलं तेही लिहा.